‘काल मी आपली भेट चुकवली होती’ : एका ओळीची तपासणी

प्रश्न : मी बंगळुरूत वाढले, शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी फक्त घरी. आता नोकरीसाठी पुण्यात आहे. काल, रविवारी, एका मैत्रिणीला भेटायचं होतं आणि मी साफ विसरले. ती बिचारी कॅफेत पाऊण तास बसून होती. तिला मराठीतच एक ओळ पाठवायची आहे. मी लिहिली आहे ती अशी : ‘काल मी आपली भेट चुकवली होती, त्याबद्दल मी क्षमस्व आहे.’ काळ बरोबर आहे का? आणि सूर कसा वाटतो?

उत्तर :

तुम्हाला हवी असलेली ओळ तुम्ही मला आधीच लिहून पाठवली आहे, फक्त ती अवतरणचिन्हांच्या बाहेर राहिली. ‘मी साफ विसरले. ती बिचारी पाऊण तास बसून होती.’ यात काळाची चूक नाही आणि सूरही नेमका आहे. मग मैत्रिणीसाठी म्हणून लिहायला बसलात आणि हात आखडला. हे मी फार वेळा पाहिलंय. माझं निम्मं आयुष्य मुद्रितशोधनात गेलं आणि गेली काही वर्षं मी तुमच्यासारख्या, घरात मराठी ऐकलेल्या पण शाळेत न शिकलेल्या मोठ्या माणसांना लिहायला शिकवतो. बोलताना ही मंडळी चोख असतात. माफी मागायची वेळ आली की मात्र कुठून तरी सरकारी परिपत्रकाची भाषा उसनी आणतात.

आता तुमची ओळ एकेका शब्दाने उसवू. तिच्यात तीन गाठी आहेत : ‘चुकवली’, ‘होती’ आणि ‘क्षमस्व आहे’. पहिली सगळ्यात धोक्याची, म्हणून तिच्यापासून.

‘चुकणे’ आणि ‘चुकवणे’ यांत एका ‘व’चा फरक दिसतो, पण तो ‘व’ सगळं उलटंपालटं करतो. हसणे आणि हसवणे, बसणे आणि बसवणे, तसंच हे. चुकणं आपोआप घडतं आणि चुकवणं कुणीतरी करतं. गाडी चुकली, वाट चुकली, नेम चुकला, यांत कुणाचा हेतू नाही. पण चुकवतात काय? कर चुकवतात, नजर चुकवतात, शाळा चुकवतात, रस्त्यातला खड्डा चुकवतात. प्रत्येक वेळी समोरची गोष्ट दिसलेली असते आणि माणूस तिला मुद्दाम बगल देतो. त्यामुळे ‘मी आपली भेट चुकवली’ हे वाचल्यावर मराठी कानाला ऐकू येतं ते असं : तू तिथे बसली आहेस हे मला माहीत होतं, आणि मला तुला भेटायचं नव्हतं. विसरण्याबद्दल माफी मागायला निघालात आणि कबुली दिलीत टाळल्याची. टाळणं हा विसरण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे.

तुमच्या मनात बहुधा इंग्रजीतलं ‘मिस’ होतं. त्या एका शब्दाच्या पोटात गाडी निघून जाणं, तास बुडवणं आणि कुणाची आठवण येणं हे सगळं मावतं. मराठीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे आणि त्यातलं कोणतं घ्यायचं हे काय घडलं त्यावर ठरतं. ‘भेट चुकली’ म्हणालात तर चूक कुणाची ते हवेतच राहतं. ‘आपली चुकामूक झाली’ म्हणालात तर दोघीही गेला होतात पण एकमेकींना सापडला नाहीत असा अर्थ होतो, आणि तो इथे सरळसरळ खोटा आहे. ‘भेट हुकली’मध्ये संधी निसटल्याची हळहळ आहे. कुणी मोठे पाहुणे गावात येऊन गेले आणि आपण तेव्हा गावात नव्हतो, तर ते शोभतं. ‘भेट राहून गेली’ हे सौम्य आहे, पण त्याचं पुढे बोलतो. तुमच्या बाबतीत भेटीला काही झालेलंच नाही. झालं ते तुमच्या आठवणीला. म्हणून क्रियापद ‘विसरणे’ हेच.

जाता जाता, ‘मीटिंग’ न लिहिता ‘भेट’ लिहिलंत ते छान केलंत. पुण्यात आज कचेरीतलं कुणीही ‘मीटिंग मिस झाली’ असं सहज म्हणतं, आणि कचेरीतल्या कामाला ते चालतंही. मैत्रिणीला ‘मीटिंग’ म्हटलं की तिचं नाव कामांच्या यादीत गेल्यासारखं वाटतं. ‘बैठक’ तर नकोच. तिचा एक अर्थ संस्थेच्या कार्यकारिणीकडे जातो आणि दुसरा संध्याकाळच्या बाटलीकडे.

आता काळ. ‘होती’ का नको हे नियम सांगून पटत नाही, ऐकून पटतं. कुणाला तरी सांगून पाहा : ‘माझा मोबाइल हरवला.’ उत्तर येईल : ‘अरे देवा! कुठे?’ आता दुसऱ्या कुणाला सांगा : ‘माझा मोबाइल हरवला होता.’ उत्तर येईल : ‘मग? सापडला का?’ हरवणं तेच आणि दिवसही तोच. तरी ‘होता’ लागल्याबरोबर ऐकणाऱ्याला कळतं की ही गोष्ट मागे पडली, तिच्यानंतर आणखी काहीतरी घडलंय आणि आता ते सांगितलं जाणार आहे. पूर्ण भूतकाळ हा गोष्ट सांगण्याचा काळ आहे. तो घडलेल्या गोष्टीला दोन पावलं मागे नेऊन ठेवतो आणि पुढच्या वाक्याची वाट पाहायला लावतो.

माफीत नेमकं उलटं हवं असतं. घडलेली गोष्ट अजून आपल्या दोघींच्या मध्ये पडून आहे, मिटलेली नाही, म्हणून तर मी लिहितेय. त्याला साधा भूतकाळ : ‘विसरले’. नकारातही हेच पाहा. ‘मी आले नाही’ यात शेवटचं ‘नाही’ आजचं आहे, त्यामुळे न येण्याचा भार आजवर येऊन पोचतो. ‘मी आले नव्हते’ यात तो कालच्या कालच राहतो. ‘काल मी आले नव्हते, तेव्हा कोण कोण भेटलं?’ हे वाक्य बिनचूक आहे, पण त्यात पश्चात्तापाचा लवलेश नाही. नुसती चौकशी आहे.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर तुम्ही उद्या मला पकडाल. ‘काल’ असला की ‘होतो, होते’ चुकीचं असं मुळीच नाही. ‘काल मी नाशिकला गेले होते’ हे अगदी स्वाभाविक आहे, कारण गेलात आणि परतही आलात, ती फेरी पूर्ण झाली. मैत्रिणीने फोन करून ‘काल कुठे होतीस तू?’ असं विचारलं आणि तुम्ही ‘अगं, विसरले होते’ म्हणालात, तरीही ते कानाला खटकणार नाही, कारण तिच्या प्रश्नानेच तुम्हाला कालमध्ये नेऊन बसवलं. इथे मात्र ती काही विचारत नाहीये. पहिलं वाक्य तुमचं आहे. कुणी न विचारता, नुसतंच ‘मी भेट विसरले होते’ असं आलं, की मोबाइलसारखाच प्रश्न उभा राहतो : मग आठवली का? आठवली तर आली का नाहीस? हिंदीत ‘मैं भूल गई थी’ अशा जागी सहज खपून जातं. बंगळुरूत किंवा हैदराबादेत वाढलेल्यांची मराठी हिंदीच्या शेजाराने थोडी तशी वळते, हे मी वर्गात वारंवार पाहतो.

काळाची आणखी एक गंमत सांगतो. तुम्हाला नाही, पण तुमच्यासारख्या विसरभोळ्यांना ती उपयोगी पडेल. भेट ठरली पाच वाजता, आठवलं साडेपाचला, आणि मैत्रीण अजून तिथेच आहे. तेव्हा मराठी माणूस काय लिहितो? ‘निघाले!’ किंवा ‘आलेच!’ रूप भूतकाळाचं, अर्थ अगदी जवळच्या भविष्याचा. लिहिणारी बाई त्या क्षणी टॉवेल शोधत असते हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि तरी कुणी तिला खोटारडी म्हणत नाही. पण ‘निघाले होते’ असं लिहिलंत तर मात्र फसलात. निघालीस तर पोचली का नाहीस, याचा हिशेब मग द्यावा लागतो.

तिसरी गाठ ‘क्षमस्व आहे’. ही व्याकरणाची चूक आहे आणि ती होते कशी हे पाहण्यासारखं आहे. ‘क्षमस्व’ हे विशेषण नाही. ते संस्कृत क्रियापद आहे, क्षम् धातूचं आज्ञार्थी रूप, ‘तू क्षमा कर’. गणपतीची पूजा झाल्यावर गुरुजी शेवटी म्हणतात ते आठवा : ‘पूजां चैव न जानामि क्षमस्व परमेश्वर’. मला पूजा येत नाही, देवा, क्षमा कर. म्हणजे ‘मी क्षमस्व आहे’ याचा अर्थ होतो ‘मी क्षमा कर आहे’. तुम्ही लिहिलंत कारण ‘दिलगीर आहे’ हा दुसरा साचा डोक्यात होता. ‘दिलगीर’ हे फारसीतून आलेलं विशेषण आहे, खिन्न, उदास अशा अर्थाचं, आणि विशेषणाला ‘आहे’ लागतं. मुंबईच्या लोकलच्या फलाटावर ‘गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ ही घोषणा ऐकली असेल. या घोषणेचं शेपूट तुम्ही पूजेतल्या मंत्राला चिकटवलंत. नुसतं ‘त्याबद्दल क्षमस्व’ असतं तर व्याकरण सुटलं असतं.

सूर मात्र सुटला नसता. ‘क्षमस्व’ आज मराठीत राहतं कुठे? बंद दुकानाच्या शटरवर, कार्यक्रम रद्द झाल्याच्या फलकावर, वर्तमानपत्राच्या चौकटीत. ‘दिलगीर’ राहतं फलाटावर. माझ्या नोकरीत खुलाशाच्या कितीतरी चौकटी मी तपासल्या, त्या बहुतेक ‘दिलगीर आहोत’ने संपायच्या, आणि त्यातली एकही कुणा माणसाने माणसाला उद्देशून लिहिलेली वाटली नाही. तशी ती वाटायचीच नसते, कारण तिथे माफी संस्था मागते, मी मागत नाही. म्हणून या शब्दांना मित्रमैत्रिणींत एकच जागा उरते, थट्टेची. फार जुनी मैत्रीण असेल आणि चूक किरकोळ असेल, तर ‘बाईसाहेब, क्षमा असावी, राग नसावा’ हे फक्कड जमतं. पण कॅफेत पाऊण तास एकटी बसलेली मैत्रीण थट्टेच्या मनःस्थितीत असेल यावर मी पैज लावणार नाही.

मग काय म्हणायचं? सरळ ‘सॉरी’. तुमची भुवई उंचावली असेल, मराठीत लिहायचं म्हणून तुम्ही एवढा खटाटोप केलात आणि हा माणूस सॉरी म्हणायला सांगतो. पण पुण्यातल्या कुठल्याही दोन मैत्रिणी एकमेकींना ‘सॉरी गं’च म्हणतात, आणि तो ‘गं’ लागल्यावर त्या शब्दाचं परकेपण संपतं. ‘माफ कर’ याला वजन जास्त आहे. ते डोळ्यांत पाणी असताना किंवा खरोखर मोठी चूक झाल्यावर येतं. विसरलेल्या कॉफीला ते जरा जड होईल. ‘मी माफी मागते’ हे बरोबर आहे, पण थोडं उभं राहून बोलल्यासारखं. ‘मी माफी मागत आहे’ हे मात्र टाळा. जे बोलल्यानेच घडतं त्याला मराठीत साधा वर्तमानकाळ लागतो : शपथ घेते, वचन देते, माफी मागते. ‘मागत आहे’ म्हटलं की तुम्ही स्वतःच्याच माफीचं धावतं समालोचन करताय असं वाटतं. आणि ‘माझी माफी स्वीकार’, ‘मी माफी मागू इच्छिते’ ही वाक्यं तर मराठी अक्षरांत लिहिलेली इंग्रजीच.

इथवर शब्दांची दुरुस्ती झाली. पण माझ्या मते या ओळीतला खरा निर्णय वेगळाच आहे : वाक्याचा कर्ता कोण? मराठी या बाबतीत फार सोयीची भाषा आहे, आणि माफीत सोय घातक ठरते. एकच न येणं कसं कसं सांगता येतं ते पाहा.

‘मी आले नाही.’ यात कर्ता मी, कारण काही नाही, थोडं कोरडं, पण खरं.

‘मी येऊ शकले नाही.’ कर्ता मीच, पण यात एक दावा आहे : इच्छा होती, शक्ती नव्हती.

‘मला येता आलं नाही.’ इथे मी कर्त्याच्या खुर्चीतून उठून ‘मला’मध्ये जाऊन बसले आणि क्रियापद नपुंसकलिंगी झालं. जे घडलं ते परिस्थितीने घडवलं.

‘यायचं राहून गेलं.’ आता मी वाक्यात कुठेच नाही. यायचं आपलं आपणच राहिलं, दारातल्या चपलांसारखं.

‘माझ्याकडून विसरलं गेलं.’ हे तर चौकशी समितीपुढचं वाक्य आहे.

यातलं एकही व्याकरणात चूक नाही. प्रत्येकाची जागा आहे. मुलाला ताप होता, लोकल बंद पडली, साहेबांनी ऐन वेळी थांबवून घेतलं, तर ‘येता आलं नाही’ हेच खरं आणि हेच लिहायचं. महिनाभर भेटू भेटू म्हणत कुणाचंच जमलं नाही, तर ‘राहून गेलं’ सुंदर आहे, कारण तिथे दोष खरोखरच कुणा एकाचा नसतो. पण विसरण्याला ‘शकले नाही’ चालत नाही. ते खोटं आहे, आणि मराठी वाचणाऱ्याला त्याचा वास येतो.

मला हे स्वतःच्या फजितीतून कळलं. फार वर्षांपूर्वी एका मित्राकडे दुपारी चारला जायचं होतं. जेवण झालं, जरा आडवा झालो, आणि उठलो तेव्हा दिवे लागले होते. लाज वाटली म्हणून दुसऱ्या दिवशी चिठ्ठी पाठवली : ‘काल येऊ शकलो नाही, माफ कर.’ तासाभरात तो स्वतः दारात हजर. ‘काय रे, काय झालं? बरा आहेस ना? घरी सगळे ठीक?’ माझ्या ‘शकलो नाही’ने त्याला आजारपण, अपघात, काय काय सुचवलं होतं. मग वामकुक्षीची कबुली द्यावी लागली. तो हसला, पण जाताना म्हणाला, ‘झोपलो म्हणून लिहायचंस की.’ तेव्हापासून मी शिकवताना एक कसोटी सांगतो. ओळ लिहून झाली की तिला येणारं पहिलं उत्तर मनात बोलून पाहायचं. ‘शकले नाही’ला उत्तर येतं ‘का, काय झालं?’ आणि त्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही. ‘साफ विसरले’ला उत्तर येतं ‘धन्य आहेस!’ किंवा नुसताच रागावलेला चेहरा. दोन्हींत पुढे खुलासा करत बसावं लागत नाही.

‘विसरणे’ या क्रियापदाचा इथे एक जादा फायदा आहे. तुमच्या मूळ ओळीत ‘चुकवली’ हे स्त्रीलिंगी रूप भेटीचं होतं, तुमचं नव्हतं. पुरुषानेही ‘मी भेट चुकवली’ असंच लिहिलं असतं. सकर्मक क्रियापदं भूतकाळात बहुधा अशीच कर्माच्या मागे जातात आणि करणारा आडोशाला राहतो. विसरणे, शिकणे, बोलणे ही त्यातली मोजकी अपवादी मंडळी. ती भूतकाळातही कर्त्याला सोडत नाहीत : मी विसरले, तो विसरला. क्रियापदाच्या शेपटात तुम्ही स्वतः दिसता. माफीच्या ओळीत आणखी काय हवं?

आता ‘विसरले’च्या आधी कोणता शब्द? तुम्ही ‘साफ’ लिहिलंत. ‘पार विसरले’ही चालेल, रंग तोच. ‘चक्क विसरले’ मी टाळेन. ‘चक्क’मध्ये नवल आहे, स्वतःचंच कौतुक करावं तसं, आणि आत्ता नवल करायचा हक्क तिचा आहे.

तिच्या पाऊण तासाचा उल्लेख हवाच. तुमच्या मूळ ओळीत तो नव्हता, भेट होती, मी होते, ती कुठेच नव्हती. ‘तुला झालेल्या त्रासाबद्दल’ हे पुन्हा फलाटाकडे जातं. मराठीत वाट पाहायला लावण्याला घरगुती शब्द आहेत : खोळंबा, ताटकळणं, तिष्ठत बसणं. ‘तुझा खोळंबा झाला’ बरं आहे, पण त्यात पुन्हा ‘झाला’ आहे, आपोआप झाल्यासारखा. ‘तुला ताटकळत ठेवलं’ यात ठेवणारी तुम्हीच. मी हे घेईन.

‘असेल तर’ कुठेही येऊ देऊ नका. ‘तुला वाईट वाटलं असेल’ इथे थांबलात तर ते मायेचं अनुमान आहे. त्याला ‘तर सॉरी’ जोडलंत की वाईट वाटलं की नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर गेली.

संबोधन राहिलं. ‘आपली भेट’मधलं ‘आपली’ चूक नाही, तुझी आणि माझी मिळून ‘आपली’. पण मागे ‘क्षमस्व’ लागल्यावर तोच शब्द ‘आपण, आपले’ असा आदरार्थी वाजायला लागतो आणि मैत्रीण एकदम ‘मॅडम’ होते. तिला ‘अगं’ म्हणा, एका शब्दात सगळं जागेवर येतं. मित्र असता तर ‘अरे’. आणि ‘मी’ दोनदा नको. क्रियापद तुम्हाला ओळखतंय, एकदा पुरे.

तर ओळ अशी होईल :

‘अगं, काल भेटायचं मी साफ विसरले आणि तुला ताटकळत ठेवलं, सॉरी गं.’

मोठ्याने वाचून पाहा. ‘अगं’ आणि ‘गं’ दोन्ही जास्त वाटले तर शेवटचा काढा. ‘विसरले’ लिहा, ‘विसरली’ नको. ‘मी विसरली’ हे काही भागांत बोलतात आणि तिथे ते शोभतंही, पण तुमच्या बोलण्यात नसेल तर उसनं घेऊ नका. ‘ठेवलं’वरचा अनुस्वार तसाच राहू द्या. संभाषण लिहिताना ‘केलं, गेलं, ठेवलं’ ही रूपं लेखनाच्या नियमांनाही मान्य आहेत. ‘ठेवले’ केलंत तर ओळ लगेच इस्त्री केल्यासारखी ताठ होईल.

पुढच्या भेटीचं याच ओळीत घालू नका. तिचं उत्तर येऊ दे, मग विचारा. आणि तेव्हा ‘नक्की येईन’ लिहू नका. ‘येईन’मध्ये आश्वासन असतं, आणि तुमच्या आश्वासनाची पत सध्या जरा घसरली आहे. ‘बुधवारी सातला मी येते, तुझ्या ऑफिसच्या खाली’ असा वर्तमानकाळ वापरा. ठरलेल्या गोष्टीला मराठीत तोच लागतो.

शेवटी, ‘काल’ हा शब्द आज सोमवार आहे तोवरच खरा. पाठवायला मंगळवार उजाडला तर ‘रविवारी’ लिहा. ‘परवा’ लिहू नका. मागचा परवा आणि पुढचा परवा हा घोळ ‘विसरले’ या रूपाने सुटेल, पण ‘परवा’चा तिसरा अर्थ ‘मागे कधीतरी’ असाही होतो, आणि पाऊण तास ताटकळलेल्या माणसाला तो दिवस नेमका कोणता हे पक्कं लक्षात असतं.